नागपूरहून मुलुंडला येतोय, सिलिंडर आणायचा की तिथेच सोडायचा?

सावनी_म
नवऱ्याची बदली झाली, तो महिनाभरापासून मुंबईतच आहे. मी आणि मुलगी पुढच्या महिन्यात सामान घेऊन येतोय. मुलुंड पूर्वेला भाड्याने घर घेतलंय, तिथे पाइपचा गॅस आहे, मीटर घरमालकांच्या नावावर. नागपुरात आमचं दोन सिलिंडरचं कनेक्शन आहे, २०१६ मध्ये घेतलेलं, नवऱ्याच्या नावावर.

प्रश्न असा की दोन्ही सिलिंडर ट्रकमध्ये टाकून आणायचे का? बंद करून पैसे घ्यायचे का? मुंबईत आम्ही फार तर वर्षभर असू, त्यानंतर बहुतेक पुणे. तिथे पाइप असेल की नाही देव जाणे. शेगडी तीन बर्नरची, काचेची, दोन वर्षांपूर्वीच घेतलीय. ती चालेल ना?

वऱ्हाडी_ठेचा
शेगडी चालते हो ताई, शेगडीले काय होते. मुंबईत चालायचं नाही ते एकच, आपलं उन्हाळ्यात गच्चीवर झोपणं.

प्रमोद_का
सिलिंडर आणा. मी बोरिवलीहून कांजूरला आलो तेव्हा टेम्पोत टाकून दोन्ही आणले. जुन्या एजन्सीने ट्रान्सफरचा कागद दिला, नव्या एजन्सीने तो घेऊन नाव चढवलं. एक रुपया लागला नाही. उगाच परत देऊन पुन्हा घ्यायची झंझट कशाला?

जुना_मेकॅनिक
प्रमोदराव, तुमचं बरोबर आहे, पण ते शहरातल्या शहरात. बोरिवली ते कांजूरला तो नियम चालतो, नागपूर ते मुंबईला चालत नाही. शहर बदललं की सिलिंडर आणि रेग्युलेटर दोन्ही जुन्या एजन्सीत जमा करायचे, त्यांनी टर्मिनेशन व्हाउचर द्यायचं आणि अनामत परत करायची. नव्या गावात ते व्हाउचर दाखवून नवीन सिलिंडर घ्यायचा, अनामत पुन्हा भरून.

(मी एका एजन्सीत सतरा वर्षं काढली, मग मुलाने बसवलं घरी.)

सावनीताई, तुम्ही नागपुरातून निघण्याआधी हे करा. एकदा मुंबईत आलात की पुन्हा नागपूरला कोण जातंय? लोक सिलिंडर भावाच्या किंवा शेजाऱ्याच्या घरी ठेवून येतात आणि तीन वर्षांनी फोन करतात, आता काय करू म्हणून.

केतकी७
टीव्ही का जमा करायचा? गॅससाठी??

नाना_गिरगावकर
केतकी, टर्मिनेशन व्हाउचरला एजन्सीतली पोरं टीव्ही म्हणतात गं. पण वरच्या पोस्टीत तर तो शब्दच नाहीये. तू कुठे वाचलास?

केतकी७
आमच्या एजन्सीवाल्याने मला गेल्या वर्षी फोनवर सांगितलं होतं, "मॅडम, टीव्ही घेऊन या." आईशप्पथ, मला वाटलं वॉरंटीची पावती वगैरे बघतात का हे. आज उलगडा झाला.

दादरचं_कबूतर
😂😂 बरं झालं, उचलून नेला नाहीस.

सावनी_म
धन्यवाद जुना_मेकॅनिक. म्हणजे ट्रकमध्ये नाही आणायचे. तसंही पॅकर्सवाल्याने आधीच सांगितलंय की गॅस भरलेला सिलिंडर तो घेणार नाही.

दोन अडचणी. एक, घेतानाचं सबस्क्रिप्शन व्हाउचर सापडत नाहीये, फक्त निळं पुस्तक आहे. दुसरी, नवरा मुंबईत, मी एकटी जाऊन चालेल का?

जुना_मेकॅनिक
व्हाउचर हरवलं तर काम अडत नाही. ते हरवल्याचं लिहून द्यावं लागतं, काही ठिकाणी साध्या कागदावर चालतं, काही ठिकाणी स्टॅम्पपेपर मागतात. आधी फोन करून विचारा म्हणजे दोन हेलपाटे व्हायचे नाहीत. नवऱ्याकडून अधिकारपत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन ठेवा.

आता पैशाचं नीट ऐका, कारण इथेच माणसं काउंटरवर भांडतात. अनामत तुम्ही ज्या दराने भरली त्याच दराने परत मिळते, आजच्या दराने नाही. तुमचं २०१६ चं म्हणजे बहुतेक सिलिंडरला १४५० आणि रेग्युलेटरला १५०. दोन सिलिंडरचे २९०० आणि वर १५०, झाले ३०५०. हे तुम्हाला मिळतील. जून २०२२ पासून दर वाढला, सिलिंडरला २२०० आणि रेग्युलेटरला २५०. म्हणजे पुण्यात पुन्हा दोन सिलिंडर घ्यायचे म्हटलं तर ४६५० भरायचे. खिशातून जातील १६००. एकच घेतलात तर २४५०, उलट ६०० हातात राहतात.

आणि भरलेला सिलिंडर जमा करू नका. अनामत असते ती पत्र्याची, आतल्या गॅसची नव्हे. शेवटचा महिना एकावरच काढा, दुसरा बुक करू नका.

प्रमोद_का
मान्य, मला शहराबाहेरचं माहीत नव्हतं. पण १६०० रुपये उगाचच जाणार हे काही पटत नाही. कनेक्शन तेच, माणूस तोच.

जुना_मेकॅनिक
जात नाहीत, अडकतात. पुढे कधी सोडलंत तर ४६५० परत मिळतील. पण पटत नाही म्हणणारे तुम्ही पहिले नाहीत, काउंटरवर हेच वाक्य मी रोज ऐकायचो.

अनु_डोंबिवली
मी मधेच वेगळा प्रश्न विचारते. आमच्या सोसायटीत पाइप आलाय, पण माझ्या घरात कनेक्शन द्यायला नकार दिला. स्वयंपाकघराला जोडून असलेली बाल्कनी आम्ही काचेने पूर्ण बंद केलीय. तो माणूस म्हणतो हवा खेळायला जागा नाही. शेजारच्यांनीही बंद केलीय, त्यांना दिलं! कुठे तक्रार करू?

नाना_गिरगावकर
शेजाऱ्यांनी कनेक्शन घेऊन मग बंद केली असणार. आमच्या मजल्यावर हेच झालं.

जुना_मेकॅनिक
नाना म्हणतात तसंच असणार. पण अनुताई, त्याचं म्हणणं चूक नाही. पाइपातला गॅस हवेपेक्षा हलका, तो वर छताकडे जातो. सिलिंडरचा जड, तो जमिनीलगत पसरतो. त्यामुळे पाइपवाल्यांना वरच्या बाजूला कायमची उघडी जागा लागते, जी खिडकी थंडीत लावून घेता येत नाही अशी. वरच्या काचेच्या जागी जाळी बसवून घ्या आणि पुन्हा बोलवा. शेजाऱ्यांची तक्रार करण्यापेक्षा त्यांनाही सांगा.

अनु_डोंबिवली
जाळीतून कबुतरं येतात हो.

दादरचं_कबूतर
माझं नाव घेतलं कोणी?

मिलिंद_ठाणे
सावनी, तुमच्या शेगडीच्या प्रश्नाला कुणी उत्तरच दिलं नाही. वऱ्हाडी म्हणतो चालते, पण तशीच नाही चालत.

माझा अनुभव सांगतो. २०१८ ला ठाण्यात पाइपच्या घरात राहायला आलो, सिलिंडरवरची शेगडी घेऊन. लावली तर ज्योत मुगाच्या दाण्याएवढी. कुकरची पहिली शिट्टी पंचवीस मिनिटांनी. बायको म्हणाली पाइपचा गॅस असाच हळू असतो, सगळे म्हणतात. नाक्यावरच्या शेगडी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने जेट काढले, पिशवीतून बारीक ड्रिल काढलं आणि तिन्ही भोकं मोठी केली. दीडशे रुपये. ज्योत मस्त झाली, आम्ही खूश.

२०२१ ला आम्ही बदलापूरच्या पुढे गेलो, तिथे सिलिंडर. तीच शेगडी जोडली. पेटवली आणि ज्योत कढईच्या वर! पिवळीधमक, टोकाला धूर. पातेल्याचं बूड एका चहात काळं. आईने ओरडून रेग्युलेटर बंद केला. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला की तो दीडशे रुपयांचा शहाणपणा काय होता.

केतकी७
बापरे. म्हणजे पाइपचा गॅस हळू नसतो?

जुना_मेकॅनिक
नसतो. जेट बरोबर असेल तर कुकर तेवढ्याच वेळात होतो. मिलिंदने सांगितलेली गोष्ट मी किमान वीस घरांत पाहिलीय.

कारण साधं आहे. पाइपातल्या गॅसचा दाब सिलिंडरच्या रेग्युलेटरमधून येणाऱ्या दाबापेक्षा कमी असतो. शिवाय तेवढ्याच आकाराच्या नैसर्गिक वायूत उष्णता एलपीजीच्या निम्म्याहून कमी. म्हणून तेवढीच आच हवी तर जास्त गॅस सुटायला हवा, म्हणजे जेटचं भोक मोठं हवं. एलपीजीचा बारीक जेट पाइपवर लावला की मुगाचा दाणा. पाइपचा मोठा जेट सिलिंडरवर लावला की मिलिंदची कढई.

जेट म्हणजे नॉब फिरवतो त्याच्या मागे, बर्नरच्या नळीच्या तोंडाशी असलेला पितळी तुकडा, बोटाच्या पेराहून लहान. बदलायला पाच मिनिटं लागतात. पाइपचं कनेक्शन सुरू करायला त्यांचा माणूस येतो तोच बदलून देतो. भाड्याच्या घरात कनेक्शन आधीच चालू असेल तर कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करून बोलवा, नाक्यावरच्याला नको. आणि काढलेले जुने जेट मागून घ्या. ते तो खिशात घालून जातो, त्याला काही किंमत नाही, पण तुम्हाला पुण्यात तेच लागतील. छोट्या डबीत घालून, वर चिठ्ठी लावून ठेवा.

वऱ्हाडी_ठेचा
काका, माझे शब्द मागे घेतो. आमच्याकडे नागपुरात पाइपच नव्हता त माहीत कसं असंल.

मिलिंद_ठाणे
मी शेवटी कंपनीच्या सेवा केंद्रातून नवे जेट आणून बसवले. काचेच्या शेगडीचं आणखी एक: ड्रिल मारलेलं कळलं की वॉरंटीचं नावच काढायचं नाही.

शलाका_पार्ले
शेगडीबरोबर गीझरचंही बघा. सिलिंडरवरचा गॅस गीझर पाइपवर तसाच जोडू नये. आमच्याकडे तो विकून टाकला, इलेक्ट्रिक घेतला.

सावनी_म
किती बरं झालं विचारलं! जेटचं मला कुणीच सांगितलं नसतं.

आता घराचं. घरमालक काका चांगले आहेत, पण म्हणतात मीटर माझ्या नावावरच राहू दे, बिल तुम्ही भरा. असं चालतं का? की आम्ही आमच्या नावावर करून घ्यायचं?

नाना_गिरगावकर
भाडेकरूने स्वतःच्या नावावर कशाला करायचं? अकरा महिन्यांचा करार, त्यात नाव बदलण्यात दोन जातील. मालकाच्या नावावरच ठेवा.

शलाका_पार्ले
आम्ही फ्लॅट विकत घेतला तेव्हा मात्र नाव बदलून घेतलं, आणि तेही आधीच्या मालकांच्या सहीने. ते म्हणाले आमची पाच हजारांची अनामत आहे, ती तुम्ही आम्हाला द्या, मग सही करतो. आम्ही म्हटलं आधी पावती दाखवा. पावती नव्हती. तीन आठवडे यात गेले. शेवटी ह्यांनी दोन्ही घरचे पेढे एकाच डब्यात आणले आणि विषय मिटला, पाच हजार आमचेच गेले.

जुना_मेकॅनिक
हे डोक्यात बसवा की सिलिंडर माणसाच्या मागे जातो आणि पाइप घरामागे राहतो. तुम्ही पाइपचं कनेक्शन उचलून पुण्याला नेऊ शकत नाही. मुंबईत महानगर गॅस, पुण्यात महाराष्ट्र नॅचरल गॅस, कंपनीच वेगळी. एकाच कंपनीच्या हद्दीत दुसऱ्या घरात गेलात तरी त्या घराचा मीटर त्या घराचाच. मालक असाल तर बंद करून अनामत घ्या किंवा येणाऱ्याच्या नावावर करा. भाडेकरू असाल तर तुमचा संबंध फक्त वापराशी आणि बिलाशी.

म्हणून घराचा ताबा घेताना एकच करा, मीटरचा फोटो. त्या दिवशीची तारीख दिसेल असा, आणि मालकाला व्हॉट्सॅपवर टाका. सोडतानाही तसाच.

केतकी७
फोटो काढाच!! आमचं मीटर घरात, आम्ही दोघं दिवसभर बाहेर. रीडिंगवाला येतो तेव्हा कुलूप. मग बिल अंदाजे येतं. आठ महिने अंदाजे आलं, सगळं शे-दोनशेच्या पटीत, आम्ही खूश. मग एका रविवारी तो सापडला, खरं रीडिंग घेतलं आणि मागचा सगळा फरक एका बिलात. त्यातला काही आमच्या आधीच्या भाडेकरूचाही होता, पण सिद्ध कशाने करणार? फोटो नव्हता.

दादरचं_कबूतर
मी तर स्वतः रीडिंग पाठवलं एकदा. मीटरवर 00412637 असे आकडे दिसले, तसेच पाठवले. एवढा गॅस तर आमच्या बिल्डिंगने मिळून जाळला नसेल. मग कळलं की शेवटचे तीन आकडे लाल चौकटीत आहेत, ते दशांश. खरं रीडिंग ४१२ घनमीटर. फोनवरची बाई हसली नाही, पण हसू दाबत होती हे ऐकू आलं.

वऱ्हाडी_ठेचा
कबुतराले आकडे कुठून कळणार.

प्रमोद_का
मला एक कळत नाही. सावनीताईंनी टर्मिनेशन व्हाउचर घेतलं. समजा नसतं घेतलं, सिलिंडर शहरातलाच असता, तर भाड्याच्या घरात पाइप असूनही तो ठेवता आला असता ना? पाइप तर मालकाच्या नावावर आहे, सिलिंडर माझ्या. पाहुणे आले, पाइप बंद पडला तर उपयोगी.

शलाका_पार्ले
नाही ठेवता येत. एका स्वयंपाकघरात एकच. आमच्याकडून पाइप घेताना सिलिंडर जमा करून घेतला होता.

प्रमोद_का
तुम्ही मालक आहात, तुमच्या दोन्ही गोष्टी एका नावावर. माझा प्रश्न भाडेकरूचा आहे.

जुना_मेकॅनिक
नियमाच्या भाषेत 'कुटुंब' असतं, नाव नाही. एका कुटुंबाने दोन ठेवू नयेत. पण भाडेकरू आणि मालक एक कुटुंब नाहीत हेही खरं. काउंटरवर दोन्ही बाजूंनी बोलणारे अधिकारी मी पाहिलेत. मी असतो तर जमा केला असता, कारण उद्या ई-केवायसीला पत्ता एकच दिसला की पुन्हा हेलपाटा.

प्रमोद_का
मी असतो तर ठेवला असता. 🙂

नाना_गिरगावकर
प्रमोद, तू ठेवतोसच. आम्हाला माहीत आहे.

सावनी_म
*(अकरा महिन्यांनंतर)*
धागा वर काढतेय. आमचं पुण्याचं नक्की झालं, बावधनला घर घेतलंय भाड्याने, आणि तिथे पाइप नाही. म्हणून सगळं पुन्हा वाचलं. आणि इथे काय काय झालं तेही सांगते.

नागपूरच्या एजन्सीत अधिकारपत्र घेऊन गेले, व्हाउचर हरवल्याचं साध्या कागदावर लिहून घेतलं. ३०५० मिळाले. एका सिलिंडरचा तळ गंजलेला म्हणून काउंटरवरचा माणूस कुरकुरला, पण सिलिंडर त्यांचाच, त्यांनीच दिलेला, मग मी गप्प राहिले आणि तोही. घरात जवळजवळ भरलेला एक होता, तो संपवायला शेजारच्या काकूंना लग्नाच्या लाडवांसाठी दिला. पत्रा तेवढा परत आणला.

मुलुंडला पहिल्याच दिवशी मुगाचा दाणा दिसला! मिलिंदची आठवण आली. खालचा वॉचमन लगेच म्हणाला, माझ्या ओळखीचा माणूस आहे, दीडशे घेतो. मी हसतच नाही म्हटलं. फोन केला, चार दिवसांनी माणूस आला, तोवर इंडक्शनवर काढलं. जेट बदलले, जुने तिन्ही मागून घेतले. तो म्हणाला, ताई, पहिल्यांदाच कुणी मागितले.

मीटरचा फोटोही काढला होता. काल घर सोडताना काकांनी आधीच्या बिलातले सातशे जास्त सांगितले, फोटो दाखवला, ते म्हणाले अरे हो, ते आधीच्या मुलाचे.

आता प्रश्न: पुण्याच्या एजन्सीत नागपूरचं व्हाउचर वर्षभर जुनं आहे म्हणून काही म्हणतील का?

जुना_मेकॅनिक
व्हाउचर घेऊन जा, त्यावरचा सतरा आकडी एलपीजी आयडी तोच ठेवायला सांगा. मधे कुठे होतात विचारलं तर पाइपवर होतो म्हणा, भाडेकरार आणि एखादं बिल दाखवा. तरी कुरकुर केली तर इथे लिहा. नवीन शेगडी घ्याच म्हणून मागे लागले तर ऐकू नका, ती सक्ती करता येत नाही. फार तर तुमची शेगडी तपासायला येतील. रबरी नळी मात्र नवी, आयएसआय छापाची घ्या, जुनी नको.

सावनी_म
नळी घेतली, पाच वर्षांची तारीख छापलेली. कनेक्शन मिळालं, एकच सिलिंडर घेतला, २४५० अनामत. व्हाउचरच्या तारखेबद्दल तो काही बोलला नाही, फक्त नागपूरला आता संत्री कशी आहेत विचारलं.

पण जेट. तीन होते, डबीत घालून चिठ्ठी लावली होती हे नक्की आठवतं. कुठली डबी ते आठवत नाही. कालपासून सतरा खोकी उघडून झाली.

मिलिंद_ठाणे
पाइपचे जेट तसेच ठेवून पेटवू नका हं, गंमत म्हणूनही.

सावनी_म
नाही नाही, इंडक्शन आहे.

केतकी७
मसाल्याच्या डब्यात बघितलंस?

सावनी_म
सापडले. हिंगाच्या डबीत. तिन्ही जेटना हिंगाचा वास येतोय, पेट्रोलने पुसून बसवायला उद्या एजन्सीचा माणूस येतोय.

जुना_मेकॅनिक
पेट्रोल नको. साबणाच्या पाण्यात धुवा आणि पूर्ण कोरडे करा. भोकात टाचणी घालू नका.